विश्लेषण : बारावी फिजिक्सच्या तीन तासांत शेवटची १८ मिनिटे कुठून आणायची?

बारावीचा फिजिक्सचा पेपर देऊन बाहेर पडणाऱ्या मुलांच्या तोंडी दरवर्षी एक वाक्य हमखास असते. ‘येत होतं, पण वेळ पुरला नाही.’ घरी त्यावर ‘लिहिण्याचा वेग वाढव’ असा सल्ला मिळतो. पण हातून गेलेल्या गुणांचा हिशेब मांडला, तर वेग हे त्यातले एक लहानसे कारण निघते. कुठल्या प्रश्नावर किती मिनिटे थांबायचे, कुठला प्रश्न आधी घ्यायचा आणि तपासणीसाठी वेळ कधी बाजूला काढायचा, हे तीन निर्णय परीक्षागृहात बसल्यावर ऐनवेळी घेतले जातात. खरे तर ते घरी, कागदावर आधीच घ्यायचे असतात. ते कसे घ्यायचे, हे राज्य मंडळाच्या फिजिक्सच्या ७० गुणांच्या पेपरावरून पाहू.

पेपरची रचना काय सांगते?

सध्याच्या आराखड्यानुसार या पेपरचे चार विभाग आहेत. विभाग ‘ए’ मध्ये एक गुणाचे दहा बहुपर्यायी प्रश्न आणि एक गुणाचे आठ अतिलघुत्तरी प्रश्न असतात. त्यात पर्याय नाही, सगळे सोडवायचे असतात. विभाग ‘बी’ मध्ये दोन गुणांचे बारा प्रश्न असतात, त्यांतले कोणतेही आठ लिहायचे. विभाग ‘सी’ मध्ये तीन गुणांचे बारा, त्यांतलेही आठ. विभाग ‘डी’ मध्ये चार गुणांचे पाच, त्यांतले तीन. म्हणजे १८, १६, २४ आणि १२, असे मिळून ७० गुण होतात.

या आकड्यांची दुसरी बाजू सहसा कुणी पाहत नाही. छापलेल्या सगळ्या प्रश्नांची बेरीज केली तर ती ९८ गुणांची भरते. म्हणजे २८ गुणांचे प्रश्न सोडून देण्याची मुभा मंडळानेच दिली आहे. एकूण ४७ प्रश्नांपैकी ३७ लिहायचे आणि १० सोडायचे. कोणते १० सोडायचे हे जो पहिल्या काही मिनिटांत ठरवतो, त्याचा पेपर निम्मा हलका होतो. जो ते लिहिता लिहिता ठरवतो, तो एखाद्या प्रश्नाचे अर्धे पान लिहून मग त्यावर काट मारतो. त्या अर्ध्या पानाला गुण नसतात, पण चार-पाच मिनिटे मात्र गेलेली असतात.

१० मिनिटे वाढली की हलली?

पूर्वी मंडळाच्या परीक्षेत प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी हाती मिळत असे. ती मिनिटे फक्त वाचण्यासाठी होती. गैरप्रकारांना आळा घालण्यासाठी २०२३ च्या परीक्षेपासून ही पद्धत बंद झाली आणि त्या बदल्यात पेपरच्या शेवटी दहा मिनिटे वाढवून देण्यात आली. सकाळच्या सत्रातला तीन तासांचा पेपर त्यामुळे ११ वाजता सुरू होऊन २ वाजून १० मिनिटांनी संपतो.

कागदावर वेळ तेवढीच आहे, पण तिचा स्वभाव बदलला आहे. आधीची दहा मिनिटे सक्तीने वाचनाची होती, कारण तेव्हा लिहायची परवानगीच नव्हती. आता शेजारच्या बाकावर ११ वाजून १ मिनिटाला पेन चालू लागलेला दिसतो आणि न वाचताच लिहायला सुरुवात करण्याचा मोह होतो. तो टाळायचा असेल तर वाचनासाठीची मिनिटे स्वतःच्या हिशेबात लिहून ठेवावी लागतात. आणि शेवटची दहा मिनिटे हिशेबात धरायचीच नाहीत. पेपर २ वाजता संपणार असे समजून आखणी करायची. २ ते २.१० हा काळ उशीर भरून काढण्यासाठीची शिल्लक आहे. तो आधीच एखाद्या विभागाला वाटून टाकला, तर उशीर झाल्यावर हाती काही उरत नाही.

मिनिटे कशी वाटायची?

बहुतेक मुले १८० भागिले ७० करून ‘एका गुणाला अडीच मिनिटे’ असा हिशेब करतात. त्यात वाचन आणि तपासणी यांना जागाच नाही. त्यामुळे तपासणी ‘वेळ उरला तर’ या सदरात जाते, आणि वेळ उरत नाही. हिशेब उलट्या बाजूने करायला हवा. १८० मिनिटांतून आधी ८ मिनिटे वाचन आणि निवडीसाठी, तर १८ मिनिटे तपासणीसाठी काढून ठेवायची. उरतात १५४. त्यांना ७० ने भागले की एका गुणाला २.२ मिनिटे येतात. लिहिण्याचा खरा दर हा आहे.

तो सगळ्या विभागांना सारखा लावून मात्र चालत नाही. बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर एका ओळीत संपते, तर विभाग ‘डी’ मधल्या सिद्धतेत आकृती काढायची, चिन्हे सांगायची आणि पायऱ्या मांडायच्या असतात. म्हणून ‘ए’ मधून थोडी मिनिटे काढून ‘डी’ आणि ‘बी’ला द्यावी लागतात. बहुपर्यायी दहा प्रश्नांना १५ मिनिटे, अतिलघुत्तरी आठांना १० मिनिटे. दोन गुणांच्या प्रत्येक प्रश्नाला ५ मिनिटे, म्हणजे ‘बी’ला ४०. तीन गुणांच्या प्रश्नाला ७, म्हणजे ‘सी’ला ५६. चार गुणांच्या प्रश्नाला ११, म्हणजे ‘डी’ला ३३. सगळ्यांची बेरीज १५४ च येते.

हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. ज्याच्या सिद्धता तोंडपाठ आहेत पण गणिते हळू होतात, त्याने ‘डी’तून तीन मिनिटे काढून ‘सी’ला द्यावीत. एक बंधन मात्र पाळायचे. बेरीज १५४ च्या पुढे जाता कामा नये, कारण वाढलेले प्रत्येक मिनिट तपासणीच्या १८ मिनिटांतूनच कापले जाणार असते.

आधी कोणता विभाग?

छापलेल्या क्रमाने ‘ए, बी, सी, डी’ लिहीत जाणे सगळ्यांत सोपे वाटते. त्यातली अडचण शेवटी कळते. शेवटच्या विभागाला नेहमी उरलेला वेळ मिळतो, आणि छापील क्रमात तो विभाग ‘डी’ असतो. हात दुखायला लागलेला असताना, घड्याळाकडे पाहत, १२ गुणांच्या सिद्धता लिहाव्या लागतात.

क्रम ठरवताना एकच गोष्ट विचारावी : वेळ कमी पडला तर कोणत्या विभागाचे नुकसान सर्वांत कमी होईल? हाती ११ मिनिटे आहेत असे समजा. तेवढ्यात ‘डी’ मधला जेमतेम एक प्रश्न होतो, आणि तोही काही अडले नाही तरच. ‘बी’ मधले दोन प्रश्न मात्र आरामात पूर्ण होतात. लहान प्रश्न वेळेच्या कुठल्याही फटीत बसतात, दीर्घ प्रश्न बसत नाहीत. म्हणून ‘बी’ शेवटी ठेवावा. ‘ए’ सुरुवातीला घ्यावा, कारण त्यात निवड नाही आणि त्यातले १८ गुण घाईत जाऊ द्यायचे नाहीत. मधे ‘डी’ आणि ‘सी’. यांतही ‘डी’ आधी घेण्याचा एक फायदा आहे. वेळ सर्वांत जास्त ओसंडतो तो याच विभागात. तो दुपारी बारा वाजता ओसंडला तर सावरायला दोन तास असतात, पावणेदोन वाजता ओसंडला तर काहीच नसते.

त्यानुसार घड्याळ असे दिसेल :

११.०० ते ११.०८ – वाचन आणि निवड
११.३३ पर्यंत – विभाग ए
१२.०६ पर्यंत – विभाग डी
१.०२ पर्यंत – विभाग सी
१.४२ पर्यंत – विभाग बी
२.०० पर्यंत – तपासणी
२.१० पर्यंत – शिल्लक

यातल्या फक्त चार वेळा पाठ करायच्या : ११.३३, १२.०६, १.०२ आणि १.४२. प्रत्येक प्रश्नागणिक घड्याळ पाहणारा विद्यार्थी लिहिण्यापेक्षा हिशेबच जास्त करत बसतो. विभाग संपला की एकदा पाहिले तरी पुरते. परीक्षागृहात स्मार्ट वॉच चालत नाही, त्यामुळे साधे काट्यांचे घड्याळ वापरण्याची सवय सराव पेपरपासूनच हवी.

या क्रमाला एक अपवाद आहे. सिद्धतांची ज्याला धास्ती वाटते, त्याने ‘डी’ने सुरुवात केली आणि पहिलाच प्रश्न अडला, तर पुढचा पेपर बिघडतो. अशाने ‘ए’नंतर ‘सी’ घ्यावा, मग ‘डी’. ‘बी’ मात्र शेवटीच राहू द्यावा. कोणताही विभाग घेतला तरी तो नव्या पानावर सुरू करून वर विभागाचे नाव लिहावे. क्रम बदलला असला तरी परीक्षकाला शोधाशोध करावी लागत नाही.

पहिल्या आठ मिनिटांत नेमके काय करायचे?

४७ प्रश्न शब्दन् शब्द वाचायला आठ मिनिटे पुरत नाहीत आणि तसे वाचायची गरजही नाही. विभाग ‘ए’ मधले सगळे प्रश्न लिहायचेच आहेत, म्हणून ते आता वाचायचेच नाहीत. वाचायचे ते ‘बी’, ‘सी’ आणि ‘डी’ मधले २९. प्रत्येकाचा विषय आणि काय विचारले आहे, एवढेच पाहायचे. उत्तरपत्रिकेच्या एका पानावर ‘कच्चे काम’ असे लिहून तिथे निवडलेले प्रश्नक्रमांक उतरवायचे. डोक्यात ठेवलेली यादी तासाभराने बदलते, कागदावरची बदलत नाही.

निवडीच्या वेळी एक फसगत नेहमी होते. गणित ओळखीचे वाटते म्हणून घेतले जाते, पण त्यात लॉग टेबल दोनदा उघडावे लागणार आहे हे लक्षात येत नाही. या पेपरात कॅल्क्युलेटर वापरता येत नाही. त्यामुळे तीन गुणांची दोन गणिते सारखीच येत असतील, तर ज्याच्या किमती सरळ कटतात ते घ्यावे. दुसरे राखीव म्हणून यादीत कंसात लिहून ठेवावे. ‘सी’ मध्ये आठ पक्के आणि एक राखीव, ‘बी’ मध्येही तसेच. राखीव असला की एखादा पक्का प्रश्न अडल्यावर नव्याने सगळे वाचत बसावे लागत नाही.

अडलेला प्रश्न कधी सोडायचा?

वेळेचे सगळ्यांत मोठे नुकसान न येणाऱ्या प्रश्नांत होत नाही, जवळजवळ येणाऱ्या प्रश्नांत होते. विभाग ‘सी’ मधले तीन गुणांचे एक गणित घेऊ. काचेच्या बारीक नळीची त्रिज्या ०.३ मिलिमीटर आहे, पाण्याचा पृष्ठताण ०.०७२७ न्यूटन प्रति मीटर, घनता १००० किलोग्रॅम प्रति घनमीटर, स्पर्शकोन शून्य. नळीत पाणी किती चढेल?

सूत्र असे : h = 2T cosθ / (rρg)

वरच्या बाजूला दोन गुणिले ०.०७२७ म्हणजे ०.१४५४. खालच्या बाजूला ०.०००३ गुणिले १००० गुणिले ९.८ म्हणजे २.९४. इथपर्यंत यायला साडेतीन-चार मिनिटे लागतात. आता उरला ०.१४५४ भागिले २.९४ हा भागाकार. अशा गणितात साधारणपणे सूत्र, किमती घालणे आणि एककासह उत्तर अशा पायऱ्यांना गुण असतात. म्हणजे बहुतांश गुणांचे काम या टप्प्यावर झालेले असते, बाकी असतो शेवटचा.

तो शेवटचा गुण लॉग टेबलात अडकतो. ०.१४५४ चा लॉग बार एक पॉइंट १६२६, तर २.९४ चा ०.४६८३. बार असलेल्या संख्येतून वजाबाकी करताना हमखास चूक होते. बरोबर केली तर उत्तर बार दोन पॉइंट ६९४३ येते, आणि अँटिलॉग ०.०४९४६ मीटर, म्हणजे ४.९ सेंटिमीटरच्या थोडे वर. बार एकने चुकला तर तेच उत्तर ०.४९४६ मीटर, म्हणजे जवळपास अर्धा मीटर होते. विद्यार्थ्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटते, तो पुन्हा करतो, तिसरेच उत्तर येते, आणि सहा मिनिटे जातात.

इथे हिशेब स्पष्ट आहे. या सहा मिनिटांत मिळाला तर एक गुण मिळेल, आणि त्याचीही खात्री नाही. विभाग ‘बी’ मधला येणारा प्रश्न पाच मिनिटांत दोन गुण देतो. म्हणून नियम असा ठेवावा : प्रश्नाला ठरवलेली मिनिटे संपली की सूत्र आणि घातलेल्या किमती नीट दिसतील एवढे लिहायचे, खाली चार ओळी मोकळ्या सोडायच्या, कच्च्या कामाच्या यादीत त्या क्रमांकापुढे फुली करायची आणि पुढे जायचे. फुलीचा अर्थ ‘सोडला’ असा नसून ‘तपासणीच्या वेळी परत यायचे’ असा आहे. मोकळ्या ओळी सोडल्या नाहीत, तर परत आल्यावर उत्तर कुठेतरी भलत्याच पानावर लिहावे लागते आणि परीक्षकाच्या नजरेतून ते निसटू शकते.

बहुपर्यायी प्रश्नांनाही हेच लागू आहे. त्यातले एक-दोन प्रश्न खरे तर छोटी गणितेच असतात. एक गुणासाठी चार मिनिटे घालवण्यापेक्षा क्रमांक लिहून जागा सोडावी.

घड्याळ चुकलेच तर?

समजा, एखाद्या विद्यार्थ्याची ‘डी’ मधली दुसरी सिद्धता लांबली. मधेच पर्यवेक्षक सहीसाठी आले, पुरवणी मागावी लागली. १२.०६ ला संपायचा विभाग १२.१७ ला संपला. अकरा मिनिटे उशीर.

अशा वेळी बहुतेक जण पुढचा प्रत्येक प्रश्न भरभर लिहायला घेतात. अक्षर बिघडते, एकके राहतात, पायऱ्या गळतात. अकरा मिनिटे वाचवण्याच्या नादात सोळा प्रश्नांतून थोडे थोडे गुण गळतात. त्याऐवजी आधी शिल्लक खर्च करायची. २ ते २.१० ची दहा मिनिटे याचसाठी ठेवली आहेत. उरलेले एक मिनिट तपासणीतून जाऊ द्यायचे. प्रश्नांची ठरलेली मिनिटे तीच राहतात.

आता ‘सी’ १२.१७ ला सुरू होतो आणि ५६ मिनिटांनी, १.१३ ला संपायला हवा. शेवटच्या गणितात वरचा भागाकार अडला आहे. आपला विद्यार्थी फुली करून १.१३ ला ‘बी’कडे वळतो आणि १.५३ ला तो विभाग संपवतो. पेपर संपायला अजून १७ मिनिटे आहेत. त्यातली पाच अडलेल्या भागाकाराला, बारा तपासणीला. अकरा मिनिटांचा उशीर होऊनही त्याचा एकही प्रश्न लिहायचा राहिलेला नाही.

उशीर दहा मिनिटांपेक्षा बराच जास्त झाला, तर शेवटच्या टप्प्यात ‘बी’ मधला एखादा प्रश्न सोडावा, पण तपासणी आठ मिनिटांच्या खाली आणू नये. त्याचे कारण पुढच्या हिशेबात आहे.

१८ मिनिटांत काय तपासायचे?

तपासणी म्हणजे पहिल्या पानापासून सगळे पुन्हा वाचणे नव्हे. तेवढा वेळ नसतो, आणि स्वतःचे लिखाण वाचताना डोळे चुकांवरून सरकतात. कमी मिनिटांत जास्त गुण वाचतील अशा क्रमाने ठरावीक गोष्टीच पाहायच्या.

पहिली तीन मिनिटे मोजणीसाठी. ‘बी’ मध्ये आठ, ‘सी’ मध्ये आठ, ‘डी’ मध्ये तीन आणि ‘ए’ मध्ये अठरा उत्तरे आहेत का? प्रत्येकाचा क्रमांक प्रश्नपत्रिकेशी जुळतो का? क्रम बदलून लिहिणाऱ्याच्या हातून क्रमांक चुकण्याची शक्यता जास्त असते. चार गुणांच्या प्रश्नाचा दुसरा उपप्रश्न राहिला आहे का, हेही इथेच कळते.

पुढची तीन मिनिटे बहुपर्यायी प्रश्नांना. प्रश्नपत्रिकेवरची सूचना अशी की, पर्यायाचे अक्षर आणि पूर्ण उत्तर दोन्ही लिहिणे सक्तीचे आहे. नुसते अक्षर किंवा नुसते उत्तर लिहिले तर गुण मिळत नाही. दहा गुणांचा हा धोका तीन मिनिटांत टळतो. आठ मिनिटांची किमान तपासणी राखायची ती मुख्यतः यासाठी. याच सूचनेत पहिलाच प्रयत्न ग्राह्य धरला जाईल, असेही म्हटले आहे. त्यामुळे इथे फक्त राहिलेले भरायचे. ‘कदाचित दुसरा पर्याय बरोबर असेल’ म्हणून खाडाखोड करून काही मिळत नाही.

त्यानंतरची सहा मिनिटे अंतिम उत्तरांना. प्रत्येक गणिताचे फक्त शेवटचे उत्तर पाहायचे. एकक आहे का, दहाचा घात पटतो का? लॉग टेबलाशिवाय अंदाज घेता येतो. ०.१४५४ म्हणजे सुमारे ०.१५, २.९४ म्हणजे सुमारे ३, भागाकार ०.०५. उत्तर ०.०४९४६ असेल तर बरोबर, ०.४९४६ असेल तर बार चुकला आहे. हा अंदाज घ्यायला दहा सेकंद लागतात. खरे तर लॉग टेबल उघडण्यापूर्वीच तो कच्च्या कामात लिहून ठेवावा, मग अडण्याची वेळच कमी येते.

उरलेल्या सहापैकी चार मिनिटे आकृत्यांची नावे, बाण आणि फुली केलेल्या जागांसाठी, आणि शेवटची दोन पुरवण्यांसाठी : क्रम बरोबर लावला का, दोरा नीट बांधला का. आठ पक्के झाल्यावर नववा प्रश्न लिहायला घेणे हा या १८ मिनिटांचा सर्वांत वाईट उपयोग आहे.

इतर पेपरांना हेच चालेल का?

पद्धत चालेल, आकडे बदलतील. गणिताचा पेपर तीन तासांचाच, पण ८० गुणांचा आहे. त्याच १५४ मिनिटांना ८० ने भागले की एका गुणाला १.९ मिनिटे येतात. तिथे बहुपर्यायी प्रश्न दोन गुणांचे असतात आणि प्रत्येकात सोडवणूक लागते. त्यामुळे फिजिक्ससारखा ‘ए’ पटकन उरकत नाही आणि त्याला जास्त मिनिटे द्यावी लागतात. भाषेच्या पेपरात लॉग टेबल नसते, पण निबंध आणि पत्र हवे तेवढे लांबतात. तिथे मिनिटांबरोबर ओळींचीही मर्यादा ठरवावी लागते. प्रत्येक विषयाचा चार वेळांचा तक्ता वेगळा, आणि तो त्या विषयाच्या प्रश्नपत्रिकेवरूनच बनवायचा.

महाविद्यालयांनी काय करायला हवे?

हा तक्ता कागदावर कितीही चांगला दिसला, तरी तो स्वतःच्या हाताने तपासल्याशिवाय खरा होत नाही. किमान तीन सराव पेपर पूर्ण वेळेत सोडवावेत आणि प्रत्येक विभाग संपला तेव्हाची वेळ समासात लिहावी. तिन्ही पेपरांत एकच विभाग उशिरा संपत असेल, तर त्याची मिनिटे वाढवायची की निवड सुधारायची, हे तिथे कळते.

ही सवय लावण्याची खरी जागा म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयांची पूर्वपरीक्षा. पण अनेक ठिकाणी ती वर्गाच्या तासिकांत बसवण्यासाठी अडीच तासांत उरकली जाते, किंवा शेवटची दहा मिनिटे दिलीच जात नाहीत. मग विद्यार्थ्याला १९० मिनिटांचा पेपर आयुष्यात पहिल्यांदा द्यावा लागतो तो थेट मंडळाच्या परीक्षेत. पूर्वपरीक्षा पूर्ण वेळेची असावी, वर्गात सगळ्यांना दिसेल असे घड्याळ असावे, आणि पेपर परत देताना शिक्षकांनी गेलेले गुण दोन रकान्यांत मांडावेत : न आल्यामुळे गेलेले आणि येत असून न लिहिल्यामुळे गेलेले. पहिल्या रकान्यासाठी पुस्तक पुन्हा उघडावे लागते. दुसऱ्यासाठी पुस्तकाची गरज नाही, चार वेळा लिहिलेला एक कागद आणि त्यावर केलेला सराव पुरतो. कोणत्या रकान्यात किती गुण आहेत, हे विद्यार्थ्याला फेब्रुवारीच्या आधी कळायला हवे.